शिक्षेवर ऐकायची तारीख सोमवारची. टिपणात काय लिहायचं?

*माझ्या धाकट्या भावाला परवा तालुक्याच्या कोर्टाने भारतीय दंड संहितेच्या कलम ३२५ मध्ये, म्हणजे गंभीर दुखापतीच्या गुन्ह्यात दोषी धरलं. मे २०२१ मध्ये बांध कोरण्यावरून चुलतभावाशी जुंपली, भावाने काठी मारली आणि त्याच्या डाव्या हाताचं हाड मोडलं. भाऊ तेव्हा २० वर्षांचा होता, आता २५ चा आहे. आधी एकही केस नाही. नऊ दिवस आत होता, मग जामिनावर. शिक्षेवर ऐकायला सोमवारची तारीख दिली आहे, तोवर जामीन चालू ठेवलाय. वकील म्हणाले, घरची परिस्थिती लिहून आणा. आम्ही दोन पानं लिहिली: गरिबी, वडिलांचा अर्धांगवायू, तोच एकटा कमावता, दया करावी. पण भाऊ म्हणतो, पश्चात्ताप झाला असं लिहिलं की गुन्हा कबूल केल्यासारखं होईल आणि अपील बुडेल. अपील तो करणारच आहे. मग लिहायचं काय?*
*– एक बहीण, सोलापूर जिल्हा*

ताई,

साक्षींच्या नकला, भावाचा ३१३ चा जबाब, म्हणजे पुराव्यावर कोर्टाने विचारलेल्या प्रश्नांना त्याने दिलेली उत्तरं, आणि तुमची दोन पानं, सगळं वाचलं. सुरुवात अपिलाच्या भीतीपासूनच करतो, कारण त्या भीतीपायी टिपणातला सगळ्यात कामाचा परिच्छेद लिहायचा राहून गेलाय.

दोषी धरल्यावर शिक्षेबद्दल जे म्हणणं मांडायचं असतं, तो कबुलीजबाब नसतो. गुन्हा शाबीत झाला की नाही, हे सत्र न्यायालय साक्षीपुरावा वाचून ठरवेल. मॅजिस्ट्रेटने भावाला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं, तरीही अपिलाचा हक्क राहतो. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ११ मध्येच तशी तरतूद आहे. तेव्हा अपील बुडत नाही. मात्र भावाची शंका अगदीच वेडगळ नाही. खटला चालू असताना जो बचाव घेतला, त्याच्या उलट टिपणात लिहिलं, तर समोरचे वकील ते पान अपिलात वाचून दाखवणारच. ‘मी तिथे नव्हतोच’ असा बचाव घेतलेल्या माणसाने आता ‘रागाच्या भरात हात उठला’ म्हणणं अंगाशी येतं. तुमच्या भावाचं तसं नाही. ३१३ च्या जबाबात तो म्हणतो, ‘चुलतभाऊ अंगावर धावून आला, झटापटीत त्याला लागलं.’ म्हणजे तो तिथे होता आणि दुखापत झाली, हे त्याने कधीच नाकारलेलं नाही. त्या दुखापतीचं दुःख वाटणं त्याच्या बचावाशी पूर्ण जुळतं.

मी असतो तर असं लिहिलं असतं:

‘अपिलाचा हक्क राखून आरोपी नम्रपणे सांगतो की, दि. … मे २०२१ रोजीच्या घटनेत फिर्यादीच्या डाव्या हाताचे हाड मोडले, त्यांना शस्त्रक्रिया करावी लागली आणि सुमारे तीन महिने त्यांना गोठ्यातील काम करता आले नाही. फिर्यादी हे आरोपीचे चुलतबंधू असून दोघांचे शेत लागून आहे. बांधाचा वाद कचेरीत नेण्याऐवजी शेतात उभे राहून भांडण्यात आरोपीची चूक झाली, हे त्यास मान्य आहे. फिर्यादीला व त्यांच्या कुटुंबाला झालेल्या त्रासाबद्दल आरोपीला मनापासून खेद आहे.’

यात ‘मी मारलं’ कुठे नाही आणि ‘माझी काही चूक नाही’ असंही नाही. तीन महिने धारा काढता आल्या नाहीत, हे फिर्यादीने साक्षीत सांगितलंय आणि उलटतपासात त्याला कोणी हात लावलेला नाही. ती गोष्ट आपणहून लिहावी. तुमच्या पानांत मात्र ‘किरकोळ भाऊबंदकीतून घडलेला प्रकार’ असं वाक्य आहे. ते आजच खोडा. ज्याच्या हातात पट्टी आणि स्क्रू बसवलेत, तो सोमवारी कोर्टात बसलेला असेल आणि ‘किरकोळ’ हा शब्द न्यायाधीश त्याच्या हाताकडे बघत वाचतील.

आता मागायचं काय, ते बघू. ‘दया करावी’ ही मागणी होत नाही, कारण दया नेमकी कशात करायची हे न्यायाधीशाला त्यातून कळत नाही. टिपणाच्या पहिल्याच ओळीत लिहा: परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ४ खाली आरोपीला बंधपत्रावर सोडावं. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकत नाही, त्या गुन्ह्यात हे कलम लागतं. ३२५ ला जास्तीत जास्त सात वर्षं आहेत, म्हणून दार उघडं आहे. काठीच्या जागी कोयता असता तर ३२६ लागलं असतं. त्याची कमाल शिक्षा जन्मठेप, म्हणजे हे दार बंदच झालं असतं. म्हणून टिपणात हत्याराचं वर्णन साक्षीत आलंय तेवढंच ठेवा: जनावरं हाकायची काठी, घटनेच्या वेळी आधीपासूनच हातात असलेली. घरून काही घेऊन गेला नव्हता, हा मुद्दा शिक्षेसाठी फार मोलाचा आहे आणि तुम्ही तो लिहिलेलाच नाही.

खटला १ जुलै २०२४ च्या आधीपासूनचा आहे, म्हणून कार्यपद्धती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचीच चालेल. कोणी नव्या कायद्याची कलमं सांगून गोंधळात टाकलं तर घाबरू नका. जुन्या संहितेच्या ३६१ मध्ये एक सोयीची गोष्ट आहे. परिवीक्षेवर सोडता येण्याजोगा आरोपी असूनही सोडायचं नसेल, तर कोर्टाला त्याची खास कारणं निकालात लिहावी लागतात. टिपणात या कलमाचा एका ओळीत उल्लेख असू द्या, फार ताणू नका.

वयाचा मुद्दा तुमच्या पानावर चुकलाय. ‘घटनेवेळी आरोपी २१ वर्षांखालील असल्याने कलम ६ चा लाभ मिळावा’ असं तुम्ही लिहिलंय. कलम ६ तरुण आरोपींसाठी आहे खरं, आणि ते कलम ४ पेक्षा जास्त बळकटही आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच रामजी मिस्सर खटल्यात सांगितलंय की, वय मोजायचं ते खालचं कोर्ट आरोपीला दोषी धरून शिक्षेचा विचार करतं त्या दिवशीचं. त्या दिवशी भाऊ २५ चा. म्हणून कलम ६ काढून टाका. पण २० वर्षांचं वय वाया जाऊ देऊ नका. ‘घटनेवेळी आरोपी २० वर्षांचा होता. त्यानंतर जामिनावर असताना त्याच्याविरुद्ध एकही तक्रार नाही, एकही तारीख चुकलेली नाही’ असं लिहा. तारखा चुकल्या नाहीत हे सिद्ध करायला वेगळा कागद लागत नाही, कोर्टाच्या रोजनाम्यातच ते आहे. वकिलांना रोजनामा चाळायला सांगा. एखाद्या तारखेला वॉरंट निघालेलं असेल, तर ते वाक्य लिहू नका.

‘आधी एकही केस नाही’ हेसुद्धा असंच तपासून घ्या. भावाला शेजारी बसवून विचारा: कधी ठाण्यात बोलावलं होतं का, अदखलपात्र तक्रारीची एन.सी. झाली का, शांतता राखण्याची हमी घेणारी १०७ ची चॅप्टर केस झाली का? या गोष्टी म्हणजे दोषसिद्धी नव्हे, त्यांच्यामुळे ‘पहिलाच गुन्हा’ हे खोटं ठरत नाही. पण बांधाच्या भांडणात दोन्ही बाजूंवर १०७ होणं नेहमीचं आहे. ती वकिलांना ठाऊक नसताना सरकारी वकिलांनी काढली, की बाकीचं टिपणही संशयाने वाचलं जातं.

घरच्या परिस्थितीकडे येतो. माझ्याच हातून घडलेली गोष्ट सांगतो. वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत एका टिपणात मी ‘आरोपी हा कुटुंबाचा एकमेव आधार’ असं सरळ ठोकून दिलं होतं. प्रत्येक टिपणात ते असायचं, म्हणून. फिर्यादीने उठून सांगितलं की याचा थोरला भाऊ सरकारी नोकरीत आहे आणि सोबतच राहतो. न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं आणि टिपण उलटं ठेवलं. तुमच्या पानावर ‘एकटा कमावता’ आहे आणि त्याच पानाच्या खाली ‘मोठी बहीण अंगणवाडीत’ आहे. फिर्यादी भाऊबंद आहे, ताई. तुमच्या घरात कोण काय कमावतं, हे त्याला तुमच्याइतकंच ठाऊक आहे.

त्यापेक्षा भाऊ रोज काय करतो ते लिहा. तुमच्याच पत्रात ते ओझरतं आलंय: वडिलांना पहाटे उचलून बसवणं, आंघोळ, दर पंधरा दिवसांनी सोलापूरला दवाखान्यात नेणं, मग नऊ वाजता ट्रॅक्टर गॅरेजवर. तुमच्याने वडील उचलले जात नाहीत आणि आईला गुडघ्यांचा त्रास आहे. एवढं लिहून दवाखान्याच्या केसपेपरची प्रत आणि अपंगत्वाचा दाखला जोडा. पैशांचं घर कसंबसं चालेलही, पण भाऊ आत गेला तर वडिलांना उचलणारं कोणी राहणार नाही. ही गोष्ट फिर्यादीलाही खोटी म्हणता येणार नाही, कारण तो ती रोज बघतो.

सरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे चेअरमन यांचे सहा दाखले तुम्ही जोडलेत. सगळ्यांचा मजकूर एकच, ‘माझ्या माहितीप्रमाणे सदर इसमाचे वर्तन चांगले आहे’. एक ठेवा, पाच काढा. त्यांच्या जागी गॅरेजमालकाचं एक पत्र आणा. त्यात चार गोष्टी याव्यात: भाऊ कधीपासून कामाला आहे, काय काम करतो, पगार किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘त्याला या खटल्यात दोषी धरल्याचे मला माहीत आहे व तरीही मी त्यास कामावर ठेवणार आहे’. हे शेवटचं वाक्य नसेल तर पत्राला किंमत नाही, कारण मालकाला काही माहीत नाही असंच कोर्ट धरून चालेल.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सुधारण्याची शक्यता म्हटलं की लोक ‘भविष्यात असे कृत्य करणार नाही’ अशी हमी लिहून मोकळे होतात. न्यायाधीशाच्या डोक्यात प्रश्न वेगळाच असतो: हे दोघे उद्याही त्याच बांधावर समोरासमोर उभे राहणार, मग पुन्हा जुंपणार नाही कशावरून? तुमच्या दोन पानांत याचं उत्तर नाही. पाच वर्षं झाली, बांध अजून तसाच आहे ना? मग भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. जमीन वडिलांच्या नावावर असेल तर अर्ज त्यांच्या सहीने किंवा अंगठ्याने जाईल. सोमवारच्या आत मोजणी होणार नाही, पण अर्जाची पोच आणि भरलेल्या फीची पावती टिपणाला जोडता येईल. सोबत एक वाक्य: ‘मोजणीत जी हद्द येईल ती आरोपी व त्याचे वडील मान्य करतील, आणि तोवर वादाच्या पट्ट्यात आरोपी नांगर घालणार नाही.’ हे लिहायच्या आधी घरात नीट बोला. मोजणी तुमच्या विरुद्धही जाऊ शकते. तेव्हा मागे फिरलात, तर बंधपत्राच्या काळात तेच भांडण पुन्हा उभं राहील आणि या वेळी तुरुंग टळणार नाही.

पैशांबद्दल. फिर्यादीच्या दवाखान्याचं ३८,४०० रुपयांचं बिल पुराव्यात आलेलं आहे. परिवीक्षेवर सोडताना कोर्ट कलम ५ खाली भरपाई द्यायला लावू शकतं. शिवाय अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की, प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईच्या प्रश्नाचा विचार करणं हे कोर्टाचं कर्तव्यच आहे. म्हणून कोर्ट विचारेपर्यंत थांबू नका. ‘अपिलाचा हक्क राखून, फिर्यादीच्या उपचारखर्चापोटी ३०,००० रुपये आज न्यायालयात जमा करण्यास आणि न्यायालय ठरवेल ती उरलेली रक्कम सहा महिन्यांत देण्यास आरोपी तयार आहे’ असं लिहा. ३०,००० झेपत नसतील तर १५,००० लिहा, पण सोमवारी ते खिशात असले पाहिजेत. जमा न होणारा पैसा लिहिण्यापेक्षा न लिहिलेला बरा.

आणि पाकीट घेऊन चुलत्याच्या घरी जाऊ नका. मामा मध्यस्थी करतो म्हणाले असतील, त्यांनाही थांबवा. निकालाच्या तोंडावर आरोपीच्या घरची माणसं फिर्यादीच्या दारात गेली, की दुसऱ्या दिवशी ‘दबाव आणला’ असा अर्ज येतो. बोलायचंच असेल तर ते वकिलांमार्फत आणि कोर्टासमोर. ३२५ चा गुन्हा फिर्यादीच्या संमतीने मिटवता येण्याजोगा आहे, आणि अपील चालू असताना अपील कोर्टाच्या परवानगीने तोही रस्ता उरतो. पण चार दिवसांत तो धरायला जाल तर बिघडेल.

टिपणासोबत एक वेगळा छोटा अर्ज द्यायचा: जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल मागवावा. कलम ४ खाली सोडायचं की नाही हे ठरवण्याआधी असा अहवाल आला असेल तर तो कोर्टाला विचारात घ्यावाच लागतो. अर्ज मंजूर झाला तर तारीख पुढे जाईल, अधिकारी घरी येतील, गॅरेजवर जातील, गावात विचारतील. त्यांना चहा द्या, पण पढवलेली उत्तरं देऊ नका. भाऊ त्यांच्यासमोर ‘खोट्या केसमध्ये गुंतवलं’ असं तासभर बोलला आणि टिपणात खेद लिहिलेला असला, तर अहवालात नेमकं तेच येईल. ३१३ मध्ये जे बोलला तेवढंच त्याने तिथेही बोलावं.

सोमवारी कोर्ट घाईत असेल आणि न्यायाधीशांनी भावाला नुसतं विचारलं, ‘शिक्षेबद्दल काय म्हणणं आहे?’, तर तो गांगरून ‘दया करा साहेब’ म्हणेल आणि तेवढंच लिहून घेतलं जाईल. हे मी शेकड्याने पाहिलंय. शिक्षेवर ऐकणं म्हणजे नुसतं तोंडी बोलणं नव्हे, आरोपीला कागदपत्रं आणि माहिती मांडू द्यायची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली संता सिंग खटल्यात स्पष्ट केलंय. तो खटला खुनाचा आणि सत्र न्यायालयातला होता, पण मॅजिस्ट्रेटच्या कोर्टासाठी जुन्या संहितेच्या २४८(२) मध्ये शब्द जवळपास तेच आहेत. भावाने एवढंच म्हणावं, ‘माझं म्हणणं लेखी देतोय.’ मग वकील टिपण हातात देतील.

टिपणाच्या शेवटी पर्यायी मागणी हवी. परिवीक्षा नाकारली गेली तर पुढे काय, हे लिहिलेलं नसेल तर कोर्टासमोर मधला आकडाच राहत नाही. ३२५ मध्ये कैद द्यावीच लागते, नुसत्या दंडावर सोडता येत नाही. पण किमान मुदत ठरवलेली नाही. म्हणून ‘न्यायालय उठेपर्यंत कैद आणि फिर्यादीस भरपाई’ किंवा ‘भोगलेल्या नऊ दिवसांइतकी कैद’ असं सरळ मागता येतं. नऊ दिवसांच्या तारखा अटक पंचनाम्यावरून घेऊन लिहा. कारावास झालाच, तर ते दिवस त्यातून वजा होतात. तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटला तीन वर्षांपलीकडे कैद देता येत नाही आणि भाऊ जामिनावर आहे, म्हणून शिक्षा झाली तरी अपील दाखल करेपर्यंत ती थांबवण्याचा अर्ज त्याच कोर्टात, त्याच दिवशी जुन्या संहितेच्या ३८९(३) खाली द्यायचा. तो अर्ज रविवारीच टाइप करून ठेवायला सांगा. अपिलाला मुदत ३० दिवसांची आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर दोष नको. बंधपत्रावर सुटला म्हणजे निर्दोष सुटला असं नाही. दोषसिद्धी तशीच राहते. परिवीक्षा अधिनियमाच्या कलम १२ मुळे त्या दोषसिद्धीने येणारी अपात्रता टळते, पण उद्या कुठल्या अर्जात ‘तुम्हाला कधी दोषी ठरवलं गेलं का?’ असं विचारलं तर ‘नाही’ लिहायचं नाही. बंधपत्राची मुदत तीन वर्षांपर्यंत असू शकते. त्या काळात अटी मोडल्या तर याच गुन्ह्याची शिक्षा सुनावायला कोर्ट परत बोलावतं.

तुमची दोन पानं कापून आणि ही भर घालून टिपण साडेतीन पानांच्या वर जाऊ देऊ नका. प्रत्येक जोडपत्राला क्रमांक द्या आणि मजकुरात तो क्रमांक लिहा. तीन प्रती काढा: कोर्ट, सरकारी वकील आणि तुमची. बंधपत्रासाठी जामीनदार लागू शकतो. राहतं ठिकाण पक्कं असलेला माणूस बघा, तो गॅरेजमालकच असला तर फार बरं. त्याला आधार कार्ड, फोटो आणि ७/१२ किंवा घरपट्टीची पावती घेऊन सोमवारी साडेदहाला कोर्टाच्या आवारात बसवून ठेवा. आदेश दुपारी चारला झाला आणि जामीनदार गावाहून निघायचाच असेल, तर ती रात्र भाऊ आत काढेल.